सदतीस शब्दांचं ध्येय तीन शब्दांत कसं आणायचं

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात वाचनालयं, तरुण मंडळं, बचत गट, पतसंस्था गल्लोगल्ली आहेत. प्रत्येकाकडे नोंदणीच्या वेळी लिहिलेलं एक लांबलचक ध्येय असतं. ते फाइलीत असतं तोवर काही अडत नाही. पण पावती पुस्तक छापायचं ठरतं, फलक रंगवायचा असतो किंवा रबरी शिक्का करायचा असतो, तेव्हा छापणारा विचारतो, “नावाखाली काय घालू?” मग घाईघाईत काहीतरी गोड शब्द दिले जातात आणि पुढची दहा वर्षं तेच राहतात.

असं होऊ नये म्हणून काय करायचं, ते एका उदाहरणावरून सांगतो. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, एक छोटा गट मुलांसाठी पुस्तकांच्या पेट्या फिरवतो. त्यांच्या ब्रीदवाक्याच्या कामात मी त्यांच्याबरोबर तीन बैठका बसलो. गटाचं नाव इथे देत नाही, पण कागद समोर ठेवूनच लिहितो आहे.

आधी एक शब्द स्पष्ट करून घेऊ. ध्येय म्हणजे संस्था कशासाठी आहे हे सांगणारा पूर्ण मजकूर. ब्रीदवाक्य किंवा टॅगलाइन म्हणजे त्यातला जीव धरून ठेवणारे तीन-चार शब्द, जे नावाखाली बसतात. घोषवाक्य वेगळं, ते एका मोहिमेपुरतं किंवा मिरवणुकीपुरतं असतं. आपल्याला ब्रीदवाक्य हवं आहे.

पहिली पायरी: कुठल्याही संस्थेला चालतील ते शब्द खोडा

गटाचं मूळ ध्येय असं होतं:

“खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातील दुर्गम खेड्यांतील विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण विकासासाठी वाचनसंस्कृतीचे जतन व संवर्धन करणे, मराठी व कन्नड माध्यमाच्या शाळांतील मुलांपर्यंत दर पंधरवड्याला पुस्तकांच्या पेट्या पोहोचवणे आणि त्यायोगे सुजाण, सक्षम व सुसंस्कृत पिढी घडवून समाजाच्या उन्नतीस हातभार लावणे.”

हे 37 शब्द आहेत. कागद मधे ठेवा, हातात पेन्सिल घ्या आणि प्रत्येक शब्दसमूहाला एकच प्रश्न विचारा: हे शब्द शेजारच्या व्यायामशाळेच्या किंवा पतसंस्थेच्या पत्रकात जसेच्या तसे खपतील का? खपत असतील तर खोडा. ‘सर्वांगीण विकास’ खपतो. ‘सुजाण, सक्षम व सुसंस्कृत पिढी’ खपते. ‘समाजाच्या उन्नतीस हातभार’ तर सगळीकडेच खपतो. ‘वाचनसंस्कृतीचे जतन व संवर्धन’ व्यायामशाळेला चालणार नाही, पण जिल्ह्यातल्या प्रत्येक वाचनालयाला चालेल, म्हणून तेही खोडलं.

इथे बैठकीत कुरबुर होते. आमच्याही झाली. ‘सुसंस्कृत’ हा शब्द गटातल्या एका निवृत्त गुरुजींनी मोठ्या मनानं घातलेला होता. तो खोडताना मी त्यांना एवढंच म्हटलं, “गुरुजी, ध्येयात तो राहतोच आहे. आपण फक्त शिक्क्यावर काय मावेल ते बघतोय.” हे खरंही आहे. नोंदणीच्या कागदातले उद्देश आहेत तसेच राहतात. ब्रीदवाक्य त्यांची जागा घेत नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकलं की लोक मोकळेपणानं पेन्सिल चालवू देतात.

खोडल्यावर 17 शब्द उरले: “खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातील दुर्गम खेड्यांतील मराठी व कन्नड माध्यमाच्या शाळांतील मुलांपर्यंत दर पंधरवड्याला पुस्तकांच्या पेट्या पोहोचवणे.” वाचून बघा. गट काय करतो ते आता पहिल्यांदाच कळतं.

दुसरी पायरी: लिहू नका, बोलायला लावा

बहुतेक जण इथून पुढे उरलेले शब्द आणखी कापत जातात आणि ‘दुर्गम मुलांना पुस्तक पेटी’ असं काहीतरी तुटकं हाती येतं. मी तसं करत नाही. कागद उलटा ठेवतो आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्या माणसाला विचारतो, की परक्या माणसानं विचारलं तर तू काय सांगशील? अध्यक्षांना नाही, पेटी उचलणाऱ्याला. जो जे बोलेल ते शब्दन् शब्द लिहून घ्यायचं, सुधारायचं नाही.

पेट्या घेऊन जाणाऱ्या मुलीनं सांगितलं ते असं: “तिकडनं पोरांना खानापूरला येऊन पुस्तक न्यायला कुठलं जमतंय? बस येते ती दोन वेळा. येऊन-जाऊन दिवस जातो की. म्हणून आम्ही पुस्तकच नेतो गावाला.”

शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. ‘पुस्तकच नेतो गावाला.’ सदतीस शब्दांच्या ध्येयात जे कुठेच नव्हतं ते त्या एका ‘च’मध्ये आहे. बेळगाव शहरात दीडशेहून अधिक वर्षं जुनं सार्वजनिक वाचनालय आहे, पण तिथे वाचकानं पुस्तकाकडे जायचं असतं. हा गट ते उलटं करतो. त्यांचं वेगळेपण ‘पुस्तक’ या शब्दात नाही आणि ‘गाव’ या शब्दातही नाही. ‘मूल येऊ शकत नाही, मग पुस्तकानंच जायचं’ या उलटापालटीत आहे. आणि मराठीत ती सांगायला एक अक्षर पुरतं.

म्हणून या पायरीवर ‘च’, ‘ही’, ‘तिथे’, ‘पर्यंत’ अशा छोट्या शब्दांवर आणि प्रत्ययांवर कान ठेवा. मोठे संस्कृत शब्द संस्थेचा हेतू जेवढा सांभाळत नाहीत, तेवढा हे बारके शब्द सांभाळतात. ‘गाव तिथे एसटी’ घ्या. महाराष्ट्रातलं आहे, पण सीमेच्या या बाजूलाही तोंडी आहे. त्यातला ‘तिथे’ काढा आणि ‘गावांसाठी एसटी’ करून बघा. एकही गाव सोडणार नाही, हे वचनच गेलं. याच एसटीचं ‘बहुजन हिताय बहुजन सुखाय’ हे ब्रीदही आहे, आणि तेच आकाशवाणीचंही आहे. एक बस चालवते, दुसरी रेडिओ चालवते, दोघींना एकच वाक्य बसतं. वाक्य थोर आहे, पण त्यावरून संस्था ओळखता येत नाही. ‘गाव तिथे एसटी’ मात्र आकाशवाणीला देऊन बघा; बसत नाही.

तिसरी पायरी: वीस लिहा, एकोणीस टाका

मूळ वाक्य सापडलं म्हणून थांबू नका. सगळ्यांना कागद देऊन वीसेक पर्याय लिहून घ्या. पाच शब्दांच्या वर कुणी जायचं नाही आणि ‘व’ किंवा ‘आणि’ वापरायचं नाही, हे दोनच नियम. वाक्यात ‘आणि’ आला की समजावं, दोन जणांची मनं राखण्यासाठी दोन वाक्यं चिकटवली आहेत.

आमच्या यादीतले काही पर्याय आणि ते का गेले, ते सविस्तर देतो, कारण शिकायचं ते इथेच आहे.

‘वाचाल तर वाचाल’ सगळ्यात आधी आलं. कोटी छान आहे, पण ते इतक्या भिंतींवर लिहिलेलं आहे की आपल्या भिंतीवर ते कुणी वाचणारच नाही. शिवाय ते वाचकाला उपदेश करतं, संस्था काय करते ते सांगत नाही.

‘ज्ञानगंगा घरोघरी’ गुरुजींना आवडलं होतं. ते नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचं ब्रीदवाक्य आहे. घरबसल्या शिकवणाऱ्या विद्यापीठाला ते अगदी चपखल बसतं, म्हणूनच ते आपलं होऊ शकत नाही. मनात चटकन आलेलं गोड वाक्य बहुतेक वेळा आपण कुठेतरी वाचलेलं असतं. निवड पक्की करण्याआधी ते इंटरनेटवर शोधून घ्या, आणि दोन जुन्या शिक्षकांना विचारा. त्यांच्या लक्षात बरंच असतं.

‘पुस्तक दारोदारी’ ऐकायला ठसकेबाज. पण मराठीत दारोदारी फिरतो तो भिकारी किंवा नोकरी मागणारा. ‘घरोघरी’ म्हटलं की पुढे मातीच्या चुली आठवतात. शब्द एकटा येत नाही, आपल्या म्हणी आणि वाक्प्रचार घेऊन येतो. ते तपासायचा सोपा मार्ग असा की घरातल्या वयस्कर माणसाला शब्द ऐकवायचा आणि विचारायचं, “आजी, यावरून काय आठवतं?”

‘पावसातही पुस्तक’ हे मला स्वतःला फार आवडलं होतं. कणकुंबीकडचा पाऊस ज्यानं पाहिलाय त्याच्या अंगावर या दोन शब्दांनी काटा येईल. मी ते फळ्यावर लिहिलंही. तेव्हा गाडी चालवणारे मामा म्हणाले, “सर, आषाढात भीमगडच्या आतल्या गावांना गाडी जात नाही. ओढ्याला पाणी असतं. मग हे खोटं नाही होणार?” मी ते पुसलं. जे वाक्य वर्षातले दोन महिने खरं नसतं, त्यानं त्या दोन महिन्यांत संस्थेचं नुकसान होतं, आणि ते नेमकं तुमच्याच लोकांसमोर होतं. मला वाटतं ही चाचणी बाकी सगळ्यांपेक्षा कडक ठेवावी. वाक्य फळ्यावर लिहून प्रत्यक्ष काम करणाऱ्याला विचारायचं: “हे कधी खोटं पडतं?” उत्तर ‘कधीच नाही’ असंच हवं असं नाही, पण ‘दर पावसाळ्यात’ असं असेल तर वाक्य जाऊ द्यावं.

चौथी पायरी: क्रियापद कोणाच्या बाजूला उभं आहे?

शेवटी पुन्हा त्या मुलीच्या वाक्याकडे आलो. ‘पुस्तकच नेतो गावाला.’ यात ‘नेतो’ म्हणणारे आम्ही आहोत. आम्ही खानापुरात उभे आहोत आणि पुस्तक आमच्यापासून दूर जातंय. आता ‘नेतो’च्या जागी ‘येते’ घालून बघा: ‘पुस्तकच येते गावाला.’ बोलणारा जागेवरून हलला. आता तो गावात, शाळेच्या पायरीवर उभा आहे आणि पेटी येताना बघतो आहे.

नेणे-आणणे, जाणे-येणे या क्रियापदांत बोलणारा कुठे आहे ते आपोआप ठरतं. आपल्या वाक्यात संस्था बोलते आहे की जिच्यासाठी संस्था आहे ती माणसं बोलताहेत, हे एकदा बघायचंच. ‘देतो’ असेल तर ‘मिळते’ करून बघा, ‘पोहोचवतो’ असेल तर ‘येते’ करून बघा. दर वेळी बदल चांगला ठरेल असं नाही. रयत शिक्षण संस्थेच्या ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ यात ‘आमचे’ हवंच, कारण ती संस्थेनं घेतलेली शपथ आहे, आणि कमवा व शिका ही पूर्ण पद्धत ‘स्वावलंबी’ या एका शब्दात मावली आहे. आमच्या गटाला मात्र स्वतःबद्दल काही सांगायचं नव्हतं.

लांबी मोजताना शब्दांपेक्षा अक्षरं मोजा. मराठीत विभक्ती शब्दाला चिकटते, त्यामुळे तीन शब्दही भलते लांब होऊ शकतात. ‘ग्रामीण विद्यार्थ्यांपर्यंत पुस्तकपेट्या’ हे तीनच आहेत. ‘गाव तिथे एसटी’ सात अक्षरांत होतं. ‘पुस्तकच येते गावाला’ नऊ अक्षरांत. साधारण बारा अक्षरांच्या आत राहिलं की एका श्वासात म्हणता येतं आणि नावाखाली एका ओळीत बसतं.

पाचवी पायरी: कन्नडमध्ये म्हणून बघा

आपल्या भागात ही पायरी टाळता येत नाही, आणि टाळूही नये. कर्नाटकात 2024 च्या दुरुस्तीनंतर फलकावर 60 टक्के जागा कन्नडला, तीही वरच्या भागात द्यावी लागते. म्हणजे ब्रीदवाक्य फलकावर घालायचं तर ते दोन्ही भाषांत हवं, आणि मराठीच्या वाट्याला जी जागा येते ती कमी आहे. त्याहून मोठं कारण असं की या गटाच्या पेट्या कन्नड शाळांतही जातात. तिथल्या मुलानं पेटीवर काय वाचावं?

इथे दोन चुका होतात. एक म्हणजे मराठी वाक्य शब्दाला शब्द लावून कन्नडमध्ये नेणं. दुसरी म्हणजे दोन्ही भाषांत सारखा दिसणारा शब्द सारख्याच अर्थाचा धरणं. ‘अवकाश’ म्हणजे आपल्याकडे मोकळी जागा किंवा सवड, कन्नडमध्ये संधी. ‘मुलांना वाचनाचा अवकाश’ असं एकानं सुचवलं होतं. मराठी वाचकाला त्यात निवांतपणा दिसला असता, कन्नड वाचकाला संधी दिसली असती. एकाच पेटीवर दोन वेगळी वचनं झाली असती.

आम्ही एका कन्नड शाळेच्या बाईंना वाक्य न देता कल्पना सांगितली: मूल येऊ शकत नाही, म्हणून पुस्तक स्वतः येतं. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “पुस्तकवे ऊरिगे बरुत्तदे.” पुस्तक तर दोन्हीकडे पुस्तकच. आपला ‘च’ जे काम करतो ते त्यांच्याकडे शेवटचा ‘ए’ करतो. ‘ऊरिगे’ म्हणजे गावाला. बोलताना इकडची माणसं ‘बरुत्तदे’ऐवजी ‘बरतैति’ म्हणतात, पण लिहायला बाईंनी पुस्तकी रूपच ठेवायला सांगितलं. वाक्य दुसऱ्या भाषेत इतक्या सहज उभं राहिलं, तेव्हा माझी खात्री पटली की हाती लागलंय ते नुसत्या शब्दांची जुळणी नाही. जे वाक्य फक्त यमकावर किंवा कोटीवर उभं असतं ते भाषा बदलली की कोसळतं.

सहावी पायरी: अनोळखी माणसाला उलटं विचारा

आता वाक्य संस्थेच्या नावाशिवाय कागदावर लिहा आणि ज्याला काहीच माहीत नाही अशा पाच-सहा जणांना दाखवा. ‘कसं वाटलं?’ असं विचारू नका. सगळे ‘मस्त’ म्हणतात. विचारायचं ते असं: “ही संस्था काय काम करत असेल?”

जांबोटीच्या बस थांब्यावर आम्ही दोन वाक्यं दाखवली. यादीतल्या ‘ज्ञानाचा दिवा, रानोमाळी’ला एका काकांनी विचारलं, “काय, सोलर लाइटचं आहे काय?” ‘पुस्तकच येते गावाला’ला एक मावशी म्हणाल्या, “पुस्तकाची गाडी येती वाटतं गावात. आमच्याकडं का येत नाही मग?” पहिल्या उत्तरावरून कळलं की वाक्य भरकटवतं. दुसऱ्यावरून कळलं की ते पोहोचतं, आणि सेवा कुठवर आहे हा पुढचा प्रश्नही तेच उभा करतं. त्या प्रश्नाचं उत्तर ब्रीदवाक्यात घालायला जाऊ नका. ‘दर पंधरवड्याला’, ‘तालुक्याचा पश्चिम भाग’, ‘दोन्ही माध्यमं’ हे आम्ही जाणूनबुजून सोडलं. त्याची जागा पत्रकाच्या दुसऱ्या ओळीत आणि शाळेच्या फळ्यावर लावलेल्या वेळापत्रकात आहे. एक गोष्ट मात्र सोडून चालत नाही: संस्था उद्या बंद पडली तर लोकांना जी गोष्ट मिळायची थांबेल, ती. इथे ती म्हणजे गावात येणारं पुस्तक.

पाचांपैकी तिघांना काम ओळखता आलं नाही तर दुसऱ्या पायरीकडे परत जा, तिसऱ्या नाही. आणखी पर्याय लिहून उपयोग नसतो. काम करणाऱ्याचं बोलणं नीट ऐकलेलं नसतं.

शिक्का

शेवटची बैठक फक्त पंधरा मिनिटं चालली आणि ती एका टिंबावरून होती. ‘येतं’ लिहायचं की ‘येते’? तोंडी तर सगळे ‘येतं’च म्हणत होते आणि मलाही तेच हवं होतं. पण हे वाक्य सगळ्यात जास्त वेळा उमटणार होतं पुस्तकाच्या आतल्या पानावरच्या रबरी शिक्क्यात. छपाईवाल्याकडून नमुन्याचा शिक्का करून घेतला आणि जुन्या वहीच्या कागदावर दहा वेळा उमटवला. ‘स्त’ नीट उठला. पण ‘येतं’वरचा अनुस्वार चार वेळा दिसलाच नाही, आणि उरलं ‘पुस्तकच येत गावाला’. वाक्य अर्धवट, लिहिणारा अशुद्ध. म्हणून ‘येते’ ठेवलं. वाचताना मुलं ‘येतं’ म्हणतील तर म्हणू देत.

तुमचंही वाक्य ज्या सगळ्यात लहान जागी जाणार आहे तिथे आधी उमटवून बघा: शिक्का, पावतीचा कोपरा, बॅनरखालची पट्टी. ‘स्कृ’, ‘द्ध’, ‘ष्ट्र’ अशी जोडाक्षरं शाईनं भरून जातात. मोठ्या फलकावर सगळंच चांगलं दिसतं, तिथे काही कळत नाही.

पेट्या निळ्या रंगवल्या आहेत. वर कन्नड ओळ, खाली मराठी, दोन्ही पांढऱ्या रंगात, आणि झाकणाच्या आत ते जुनं सदतीस शब्दांचं ध्येय गुरुजींनी स्वतःच्या अक्षरात लिहून चिकटवलं आहे.